रुपये न सांगता विक्री सांगायची कशी?

आम्ही मूलच्या बचत गटातल्या बाया आज तुमच्याशी बोलायला आलो आहोत. रोवणी संपली, बांधीतलं काम जरा हलकं झालं, म्हणून आज थोडा निवांत वेळ मिळाला. आजचा विषय आमच्याच गटातल्या एका ताईच्या नोकरीवरून निघाला. तिचं नाव आम्ही सांगत नाही, आणि ती जिथे कामाला होती त्या एजन्सीचंही नाही. का सांगत नाही, ते पुढे तुमच्या लक्षात येईल.

आमची ही ताई तीन वर्षं चहापत्ती विकायची. दुकानात बसून नाही, स्कूटीवर फिरून. मूलपासून राजोली, बेंबाळ, चिरोली आणि इकडे सावलीवरून व्याहाडपर्यंतची किराणा दुकानं तिच्याकडे होती. दुकानात जायचं, किती पुडे शिल्लक आहेत ते पाहायचं, नवी मागणी लिहून घ्यायची, मागच्या बिलाचे पैसे आणायचे, असं तिचं काम. एजन्सीचे मालक वयामुळे धंदा दुसऱ्याकडे देणार होते, म्हणून तिला नवं काम शोधणं भाग होतं.

नोकरीला लागताना तिने एका कागदावर सही केली होती. विक्रीचे आकडे, दुकानदारांना दिलेली सूट आणि ग्राहकांची यादी बाहेर कोणाला सांगायची नाही, असं त्यात होतं. अशी अट काही जगावेगळी नाही. कोणत्या रस्त्यावर किती माल खपतो हे दुसऱ्या चहावाल्याला कळलं, तर तो त्याच दुकानांत चार आणे जास्त सूट घेऊन उभा राहील.

पहिल्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "महिन्याला किती विक्री करत होता?" ताईने जोशात पूर्ण आकडा सांगून टाकला. साहेबांनी लिहून घेतला आणि मग म्हणाले, "ताई, उद्या आमच्याकडून गेलात तर आमचाही आकडा असाच सांगाल काय?" ती नोकरी तिथेच गेली.

दुसऱ्या ठिकाणी ती धडा घेऊन गेली आणि काहीच बोलली नाही. "सांगता येत नाही साहेब, पण खूप विक्री केली," एवढंच म्हणाली. त्यांना वाटलं, हिच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. तीही नोकरी गेली.

तिसरा अर्ज करायच्या आधी ती गटाच्या बैठकीत हे सगळं घेऊन बसली. बोललं तरी पंचाईत, गप्प राहिलं तरी पंचाईत. मधली वाट कोणती? आम्ही तीन बैठका यावर घालवल्या. त्यातून जे हाती लागलं, ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, आम्ही तो सहीचा कागद नीट वाचला. गुपित नेमकं कशाला म्हटलंय ते पाहिलं. त्यात रुपये होते, सूट होती, यादी होती. पण विक्री किती पटीने वाढली, किती दुकानं नवी जोडली, याबद्दल स्पष्ट काही नव्हतं. स्पष्ट नव्हतं म्हणजे चालतं, असं आम्ही धरलं नाही. ताईने एजन्सीच्या व्यवस्थापकांना व्हॉट्सॲपवर विचारलं, "अर्जात माझ्या मार्गाची वाढ टक्क्यांत आणि दुकानांची संख्या लिहिली तर चालेल का? रुपये आणि नावं लिहिणार नाही." त्यांचं उत्तर आलं, "चालेल, दुकानांची नावं नको." एवढ्या एका ओळीने आमचं अर्धं काम झालं. तोंडी विचारलं असतं तर पुढे कोणाच्या लक्षात राहिलं नसतं. आणि नोकरीत असतानाच विचारलं हे बरं झालं. सोडल्यावर बिलबुक आणि नोंदी परत कराव्या लागतात, मग हिशेब करायला हातात काही उरत नाही.

आता हिशेबाकडे येऊ. समजा आपला गट अंडी विकतो. गेल्या वर्षी पौषात २५० अंडी विकली, यंदा पौषात ४००. आपल्याला हे आकडे बाहेर सांगायचे नाहीत. मग गेल्या वर्षीच्या २५० ला आपण १०० म्हणायचं. ४०० ला २५० ने भागायचं आणि १०० ने गुणायचं, उत्तर येतं १६०. आता बाहेर सांगायचं, "गेल्या वर्षी १०० धरलं, तर यंदा १६०." ऐकणाऱ्याला वाढ पूर्ण कळली, पण अंडी २५० होती की २५ हजार, ते त्याला कळणार नाही. यात नवं काही नाही. सरकार महागाई मोजतं तेव्हाही एक वर्ष १०० धरतं. बरीच वर्षं २०१२ हे ते वर्ष होतं.

ताईने हा हिशेब घरी तिच्या वहीत केला. आम्हालाही तिने रुपये सांगितले नाहीत, फक्त उत्तर आणून दाखवलं. पहिल्यांदा तिचं उत्तर आलं १८०. आम्ही खूश झालो. पण गटातली दुकान चालवणारी एक काकू म्हणाली, "अगं, मधल्या काळात पुड्याचा भाव वाढला ना?" खरंच होतं. रुपये दोन कारणांनी वाढतात. एक, माल जास्त खपला म्हणून. दुसरं, भाव वाढला म्हणून. भाव वाढला त्यात ताईची काही कमाई नाही. भाव शंभराला दहा वाढला होता, म्हणजे १०० चा ११० झाला होता. १८० ला ११० ने भागून १०० ने गुणलं, तर येतं १६४ च्या आसपास. मग ताईने किलोचा हिशेब वेगळा करून पाहिला, तिथेही १६४ आलं. म्हणून अर्जात १६४ लिहायचं ठरलं, आणि सोबत "वजनात" हा शब्द घालायचा. विक्री समजणारा माणूस हा एक शब्द पाहूनच ओळखतो की बाईने हिशेब प्रामाणिकपणे केलाय.

दुसरी चूक होता होता राहिली ती महिन्यांची. ताईने आधी ऑगस्टशी डिसेंबरची तुलना केली होती. आपल्या भागात हे चालत नाही. श्रावण-भाद्रपदात घरात पैसा कमी असतो. दिवाळीनंतर धान विकला जातो, मंडई भरते, नाटकं लागतात, पाहुणे येतात, घरोघरी चहा उकळतो. पुन्हा उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची मजुरी येते तेव्हा जंगलाकडच्या गावांत दुकानं चालतात. ऑगस्टपेक्षा डिसेंबरमध्ये विक्री वाढणारच, त्यासाठी विक्रेती हुशार असावी लागत नाही. म्हणून डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी हे तीन महिने घ्यायचे आणि मागच्या वर्षीच्या याच तीन महिन्यांशी ताडून पाहायचे. एकच महिना घेतला तर एखाद्या मोठ्या लग्नाची मागणीसुद्धा चित्र बदलून टाकते. तीन महिन्यांत ते बरंचसं सारखं होतं.

तिसरी गोष्ट लहान आकड्यांची. एका लहान गावात आधी महिन्याला दोन पुडे जायचे, नंतर सहा. ताईला ते "तिप्पट" म्हणून लिहायचं होतं. खोटं नव्हतं, पण ऐकणाऱ्याची फसवणूक होती. मुलाखतीत कोणी विचारलं, "तिप्पट म्हणजे किती दुकानांत?" तर उत्तर आलं असतं, एका दुकानात. सुरुवात फार लहान असेल तर पटीत बोलू नये. आम्ही सबंध मार्गाचा एकच आकडा घेतला.

मैत्रिणींनो, आता आमचं सगळ्यात मोठं घोटाळ्याचं ठिकाण सांगतो. तुम्ही रुपये लिहिले नाहीत, तरी दोन साधे आकडे शेजारी ठेवले तर त्यातून रुपये निघू शकतात. ताईने लिहिलं होतं, "७१ दुकानं, आणि प्रत्येक दुकानात महिन्याला सरासरी इतके किलो." दोन्ही खरं होतं. पण ७१ ला त्या किलोंनी गुणलं, आणि पुड्यावर छापलेल्या किमतीने पुन्हा गुणलं, की महिन्याची विक्री जवळजवळ समोर आली. छापील किंमत तर कोणालाही दिसते.

असंच दलालीचं. समजा एखादीला शंभर रुपयांच्या विक्रीवर २ रुपये कमिशन मिळतं आणि तिने अर्जात लिहिलं, "कमिशन महिन्याला ६ हजार." शाळेतलं पोरगंही सांगेल की विक्री ३ लाख होती. म्हणून पगाराच्या रकान्यात एकूण पगार लिहावा, पगार किती आणि कमिशन किती अशी फोड करू नये. आणि वाढ टक्क्यांत सांगितली असेल तर रुपयांतली वाढ सोबत सांगू नये. "विक्री दीडपट झाली, ५ हजारांनी वाढली" म्हटलं की आधीची १० हजार होती हे उघड होतं.

हे ओळखायची आम्ही एक सोपी रीत काढली. अर्ज लिहून झाला की तो गटातल्या हिशेब येणाऱ्या बाईच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "तू दुसऱ्या चहावाल्याची माणूस आहेस असं समज. यातून रुपये काढून दाखव." आमच्या सचिव ताईने पहिल्या मसुद्यातून दहा मिनिटांत आकडा काढून दाखवला. आम्ही दुकानाची सरासरी खोडली. दुसऱ्या मसुद्यातून तिला काही काढता आलं नाही.

आता रुपये नाहीत, सरासरी नाही, मग अर्जात उरतं काय? बरंच उरतं, आणि नोकरी देणाऱ्याला ते रुपयांपेक्षा जास्त उपयोगाचं असतं. मागच्या कंपनीचे रुपये त्याला कुठे मिळणार आहेत? ही बाई माझ्याकडे काय करू शकेल, एवढंच त्याला पाहायचं असतं.

ताईने मार्ग हातात घेतला तेव्हा ४२ दुकानं होती. तिने ३४ नवी जोडली, ५ दुकानांनी माल घेणं बंद केलं, आता ७१ आहेत. ती पाच दुकानं लिहू नको असं एकीचं म्हणणं होतं. आम्ही लिहायला लावली. ४२ मध्ये ३४ मिळवले तर ७६ होतात, मग ७१ कसे, असं कोणीतरी विचारणारच. शिवाय सोडून गेलेली दुकानं स्वतःहून सांगणाऱ्या बाईचे बाकीचे आकडेही माणूस खरे धरतो.

दुसरा आकडा उधारीचा. हा लिहायचं ताईच्या डोक्यातच नव्हतं. "पैसे आणणं तर कामच होतं ना," ती म्हणाली. पण गावातल्या किराणा दुकानांना माल विकणं सोपं आणि पैसे आणणं अवघड, हे आपल्याला ठाऊक आहे. एजन्सीचा नियम पंधरा दिवसांत बिल चुकतं करायचा. ती आली तेव्हा दहा बिलांपैकी चारच मुदतीत यायची, आता नऊ येतात. दहातली चार आणि दहातली नऊ, यात रुपये कुठेच नाहीत. तिने काय केलं होतं? दुकानदाराचा गल्ला भरलेला असतो तो दिवस तिने हेरला. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ती बिल घेऊन जायची. आम्ही हेही अर्जात लिहिलं. नुसता आकडा कोणीही लिहील, तो कसा आणला हे ज्याने केलं त्यालाच सांगता येतं.

आणखी एक गोष्ट कोणाच्या वाट्याची किती, याची. त्या वर्षी एजन्सीने मोठ्या पुड्यावर कप फुकट दिला होता. त्याने सगळ्याच मार्गांवर विक्री वाढली. मग १६४ मधलं ताईचं किती आणि कपाचं किती? ते नेमकं वेगळं काढता येत नाही. दुसऱ्या मार्गांचे आकडे ठाऊक असते तर अंदाज आला असता, पण तेही गुपितच. अशा वेळी क्रमांक कामी येतो. एजन्सीच्या सहा मार्गांत वाढीमध्ये तिचा मार्ग पहिला होता, आणि हे व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. कप सहाही मार्गांवर होता, तरी पहिली ती आली. क्रमांक लिहायचीही तिने परवानगी घेतली. आणि कपाची योजना चालू होती, हे अर्जात आम्ही लपवलं नाही.

शेवटी अर्जात जे गेलं, ते असं होतं:

"मूल ते व्याहाड मार्गावर तीन वर्षं चहापत्ती विक्री. दुकानं ४२ वरून ७१ (३४ नवी, ५ बंद). डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांची विक्री मागच्या वर्षी १०० धरल्यास यंदा १६४, वजनात. या काळात एजन्सीची भेटवस्तू योजना सर्व मार्गांवर होती. सहा मार्गांत वाढीत पहिला क्रमांक. पंधरा दिवसांत चुकती होणारी बिलं दहापैकी ४ वरून ९. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी वसुलीची फेरी लावली. विक्रीची रक्कम आणि दुकानांची नावं गोपनीय असल्याने दिलेली नाहीत."

शेवटच्या वाक्यावर आम्ही बराच वाद घातला. पण ते हवंच. नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं, विसरली किंवा लपवते आहे.

हा अर्ज तिने महिलांच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत दिला. त्यांना तांदूळ आणि डाळ दुकानांत पोचवायला माणूस हवा होता. मुलाखतीत प्रश्न आलाच, "पण ताई, रुपये किती?" आम्ही त्याची तयारी करून घेतली होती. ती म्हणाली, "मॅडम, तो आकडा त्यांचा आहे, मी न सांगण्याचं कबूल केलंय. तुमचाही बाहेर सांगणार नाही. पण मी दुकान कसं जोडते आणि पैसे कसे आणते, ते हवं तेवढं विचारा." मग अर्धा तास त्याच गोष्टींवर बोलणं झालं. नवं दुकान जोडायला किती फेऱ्या लागतात, दुकानदार नाही म्हणाला तर पुढच्या वेळी काय घेऊन जाता, असे प्रश्न होते. तीन महिने पाहू, या अटीवर तिला घेतलं. आता ती त्याच रस्त्याने जाते, फक्त पिशवीत चहाऐवजी तांदूळ असतो. चहाच्या दुकानदारांची यादी मात्र तिने कागदावर आणली नाही. दुकानं रस्त्यावर सगळ्यांनाच दिसतात. पण कोण किती घेतो आणि किती सुटीवर घेतो, ते तिने मागेच ठेवलं.

तुमच्यापैकी कोणाच्या मालकाने टक्केवारीलाही नाही म्हटलं, तर? मग टक्के लिहायचे नाहीत. फिरलेली गावं, आठवड्यातल्या फेऱ्या, शिकवून तयार केलेल्या नव्या मुली हे तुमच्या स्वतःच्या कामाचं मोजमाप उरतं. सोबत आधीच्या साहेबांचा फोन नंबर त्यांच्या होकाराने द्यायचा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर तिची एकूण विक्री वार्षिक अहवालात छापून येते आणि ती सांगायला हरकत नसते. पण तुमच्या मार्गाचा आकडा त्यात नसतो, त्यामुळे त्याचा आपल्याला फार उपयोग नाही.

आणि एक गैरसमज होऊ देऊ नका. हे सगळं दुसऱ्याच्या धंद्याच्या आकड्यांबद्दल आहे. आपल्या गटाची विक्री, आपलं रजिस्टर हे आपलं आहे. कर्जासाठी बँकेत गेलो की तिथे १०० आणि १६४ सांगून चालत नाही. तिथे पूर्ण रुपये, नोंदीसकट दाखवावे लागतात.

तुमच्या गटात कोणाची लेक, सून किंवा तुम्ही स्वतः विक्रीचं काम करत असाल, तर पुढच्या बैठकीला तो सहीचा कागद आणा आणि सगळ्या मिळून वाचा. नोकरी सोडायची वेळ येण्याआधी वाचा. आम्ही तीन बैठकांत शिकलो, तुमचं एकीत होईल.